१७ ऑक्टोबर की २६ ऑक्टोबर: माझ्या प्रसूतीच्या तारखेचा हिशेब

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी माझ्याकडे प्रसूतीच्या चार तारखा होत्या. आशाताईंनी आणून दिलेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर १७ ऑक्टोबर २०२३ होती, डॉक्टरांच्या फाइलवर लाल शाईने २६ ऑक्टोबर लिहिले होते, आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या अहवालात ४ नोव्हेंबर छापून आली होती आणि आजेसासूबाईंनी बोटांवर मोजून धनत्रयोदशीच्या सुमाराचा दिवस सांगितला होता. यांतली एकच तारीख धरून चालायचे होते. ती कोणती आणि का, हे मला वेळेवर समजले नसते, तर दसऱ्याच्या दिवशी कारण नसताना माझ्या कळा औषधाने सुरू केल्या गेल्या असत्या. म्हणून हा हिशेब जसा मला उलगडत गेला तसा लिहून ठेवते आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. लग्नाआधीपासून मला पाळीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनाने खूण करून ठेवण्याची सवय होती. ती सवय आईने लावली होती आणि पुढे तिचा एवढा उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते. शेवटची पाळी १० जानेवारी २०२३ रोजी आली. त्या दिवशी अंगारकी संकष्टी होती, घरात सगळ्यांचा उपवास होता आणि संध्याकाळच्या मोदकांची तयारी मला मध्येच सोडावी लागली होती, त्यामुळे कालनिर्णय नसते तरी ती तारीख विसरणे शक्य नव्हते. पुढची पाळी १४ फेब्रुवारीच्या आसपास यायला हवी होती. ती आली नाही, तेव्हा आठवडाभर वाट पाहून २२ फेब्रुवारीला घरीच लघवीची तपासणी केली. दोन रेघा उमटल्या. ४ मार्चला, शनिवारची शाळा सुटल्यावर, आम्ही दोघे तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

त्यांचा पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचा होता आणि तो त्यांनी नेमका करून विचारला. "रक्तस्राव सुरू झाला त्या पहिल्या दिवसाची तारीख सांगा. पाळी संपली तो दिवस नको, चुकली तो दिवसही नको." नंतर त्यांनी सांगितले की निम्म्या चुका इथेच होतात. कोणी अंघोळ केली तो दिवस सांगते, कोणी पाळी यायला हवी होती तो दिवस सांगते आणि कोणाला गर्भ रुजताना जो थोडासा डाग लागतो तोच पाळी वाटतो. असा डाग बहुधा पाळीच्या अपेक्षित दिवसांच्या जवळपासच लागतो, त्यामुळे ती चूक झाली तर हिशेब चार आठवडे पुढे सरकू शकतो. म्हणून त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "ही पाळी नेहमीसारखी होती का? तितकेच दिवस, तितकेच रक्त?" मी हो म्हटले. त्यांनी कागदाची एक गोल चकती काढली, आतल्या चकतीवरचा बाण १० जानेवारीवर आणला आणि बाहेरच्या कडेवर ४० आठवड्यांची रेघ कुठे येते ते मला दाखवले. १७ ऑक्टोबर.

चकती नसली तरी हे गणित तोंडी करता येते. पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस मिळवायचे आणि महिना तीनने मागे न्यायचा. १० चे १७ झाले आणि जानेवारीतून तीन महिने मागे गेले की ऑक्टोबर येतो. एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो आणि त्याच्या मुळाशी २८० दिवसांचे, म्हणजे ४० आठवड्यांचे गणित आहे. आपल्याकडच्या "नऊ महिने नऊ दिवस" या बोलीतल्या मोजणीच्या तो इतका जवळ आहे, याचे मला त्या दिवशी फार कौतुक वाटले.

मात्र या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. पाळीचे चक्र २८ दिवसांचे आहे आणि स्त्रीबीज चौदाव्या दिवशी बाहेर पडते, असे हा नियम धरून चालतो. गर्भाचे वय पाळीपासून मोजायला सुरुवात होते तेव्हा गर्भ नसतोच, पहिले दोन आठवडे तो यायचा असतो. पाळीचा दिवस बाईला माहीत असतो आणि गर्भधारणेचा नसतो, म्हणून सोयीसाठी मोजणी तिथून सुरू केली जाते. बाईंनी विचारले, "तुमची पाळी किती दिवसांनी येते?" मी सवयीने "महिन्याला" असे उत्तर दिले. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "महिन्याला म्हणजे किती दिवसांनी? मागच्या तीन-चार तारखा आठवतात का?" यांनी फोनवर सासूबाईंना कालनिर्णय बघायला सांगितले. २६ सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, १० जानेवारी. मधले अंतर ३५, ३६ आणि ३५ दिवसांचे निघाले. इतकी वर्षे खुणा करत होते, पण त्यांच्यामधले दिवस मी कधी मोजले नव्हते.

पाळीच्या चक्राचा पुढचा भाग, म्हणजे बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ, बहुतेक स्त्रियांमध्ये साधारण चौदा दिवसांचाच असतो. लांबते ते त्याआधीचे, बीज तयार होण्याचे दिवस. त्यामुळे ३५ दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीचे बीज चौदाव्या नव्हे, तर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडते. माझ्या बाबतीत तो दिवस २४ जानेवारी नसून ३१ जानेवारीच्या आसपासचा होता आणि म्हणून प्रसूतीची तारीखही सात दिवस पुढे, २४ ऑक्टोबरला जात होती. तरीही बाईंनी त्या दिवशी फाइलवर १७ ऑक्टोबर हीच तारीख पेन्सिलीने लिहिली. "चक्र लांब आहे म्हणून बीज त्याच दिवशी आले असे खात्रीने म्हणता येत नाही. दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करू, मग पक्की तारीख लिहू," असे त्या म्हणाल्या. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचा पहिला डोस, आणि हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ ब व गुप्तरोग यांच्या तपासण्यांसाठी रक्त, एवढे त्या भेटीत झाले.

पुढच्याच आठवड्यात आशाताई घरी आल्या. गरोदरपणाची नोंद १२ आठवड्यांच्या आत व्हावी हा सरकारी नियम त्या काटेकोरपणे पाळतात. उपकेंद्रात सिस्टरांनी वजन, उंची आणि रक्तदाब घेतला, कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख लिहिली आणि सात दिवस मिळवून अपेक्षित तारखेच्या रकान्यात १७ ऑक्टोबर भरली. सोनोग्राफी तेव्हा व्हायची होती, त्यामुळे त्यांचे काहीच चुकले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईला पाळीची तारीख आठवत नव्हती. तेव्हा सिस्टर तिला ज्या रीतीने विचारत गेल्या ते ऐकण्यासारखे होते. "संक्रांतीला वाण लुटायला गेली होतीस का? तेव्हा पाळी होती की होऊन गेली होती? रथसप्तमीच्या आधी आली का?" असे सणांचे खुंट धरत त्यांनी तारीख चार-पाच दिवसांच्या आत आणली. काही ठिकाणी अशा वेळी सरळ महिन्याची १ तारीख किंवा १५ तारीख टाकून दिली जाते, असे त्याच म्हणाल्या. ज्या बाईचे मूल अजून अंगावर पीत असते आणि पाळी सुरू होण्याआधीच पुन्हा दिवस जातात, तिच्या बाबतीत तर मिळवायला तारीखच नसते. तिच्यासाठी लवकरची सोनोग्राफी हाच एक मार्ग उरतो.

माझी सोनोग्राफी १८ मार्चला झाली. आधी नेहमीच्या फॉर्मवर सही घेतली गेली, ज्यात गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही असे आपण लिहून देतो आणि सोनोग्राफीच्या प्रत्येक वेळी द्यावे लागते. पाळीच्या हिशेबाने त्या दिवशी ९ आठवडे ४ दिवस झाले होते. पडद्यावर काळ्या पोकळीत राजम्याच्या दाण्याएवढा एक करडा आकार दिसत होता आणि त्याच्या मध्यभागी काहीतरी भराभर लुकलुकत होते. बाईंनी त्या आकाराच्या डोक्याकडच्या टोकाला एक फुली ठेवली, दुसऱ्या टोकाला दुसरी ठेवली आणि दोन्हींमध्ये ठिपक्यांची रेघ आली. मग ते पुसून पुन्हा मोजले आणि पुन्हा एकदा मोजले. लांबी १८ मिलिमीटर आली. एवढी लांबी ८ आठवडे २ दिवसांच्या गर्भाची असते.

या लांबीला सीआरएल म्हणतात. डोक्याच्या वरच्या टोकापासून बुडाच्या टोकापर्यंत, पाय सोडून, ही लांबी घेतली जाते. पहिल्या तीन महिन्यांत तिच्यावर इतका भरवसा का ठेवायचा, असे मी विचारले. बाईंचे उत्तर मला पटले. या काळात आई बुटकी असो की उंच, बाप सडपातळ असो की धिप्पाड, सगळे गर्भ जवळजवळ एकाच वेगाने वाढतात आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढ होत असल्यामुळे दोन-तीन दिवसांचा फरकही लांबीत दिसतो. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या अंगकाठीवर जाते, मग लांबीवरून किंवा वजनावरून वय सांगणे सैल होत जाते. तरीही सोनोग्राफीत थोडाफार फरक निघाला म्हणून लगेच पाळीची तारीख टाकून देत नाहीत. पाळीच्या हिशेबाने ९ आठवड्यांच्या आत असाल तर ५ दिवसांपेक्षा जास्त आणि ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान असाल तर ७ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले, तरच सोनोग्राफीची तारीख धरायची, असा नियम त्या पाळत होत्या. माझे अंतर ९ दिवसांचे होते. त्यांनी पेन्सिलीतली १७ ऑक्टोबर खोडली, लाल शाईने २६ ऑक्टोबर लिहिले, शेजारी "सीआरएल १८ मिमी, १८ मार्च" अशी नोंद केली आणि सही केली. लांब चक्राच्या हिशेबाने आलेली २४ ऑक्टोबर त्या तारखेच्या दोन दिवसांच्या आत होती. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचल्यामुळे माझे समाधान झाले.

"ही तारीख आता बदलायची नाही. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत वेगळी तारीख छापून येईल, ती वाचायची नाही," असे त्यांनी बजावले.

नऊ दिवसांनी काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. पण तपासण्यांचे सगळे वेळापत्रक या एका तारखेवर टांगलेले असते. बाळाच्या मानेमागचा पाण्याचा पातळ थर मोजणारी एनटी सोनोग्राफी ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करता येते आणि तेव्हा गर्भाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असावी लागते. तिच्याबरोबर जी रक्ताची तपासणी करतात, तिचे आकडेही गर्भाचे वय धरूनच वाचायचे असतात, वय चुकले तर धोका नसताना धोका दिसू शकतो किंवा उलटही होऊ शकते. पाळीच्या तारखेवरून मी मार्चअखेरीस, शाळेच्या परीक्षा सुरू होण्याआधी, ही सोनोग्राफी उरकून घेणार होते. ३१ मार्चला पाळीच्या हिशेबाने ११ आठवडे ३ दिवस झाले असते, पण खरे वय १० आठवडे १ दिवस होते. बाळ तेवढे वाढलेलेच नसते आणि मला परत पाठवले असते. नव्या तारखेप्रमाणे १५ एप्रिलला, १२ आठवडे २ दिवसांना, मी गेले. लांबी ५८ मिलिमीटर भरली, १८ मार्चच्या हिशेबाशी अगदी जुळणारी.

इथे महिन्यांच्या भाषेमुळे होणाऱ्या गोंधळाबद्दल थोडे सांगायला हवे. घरी सगळे महिन्यांत बोलतात. "पाचवा लागला का?" असे विचारतात, सातव्यात डोहाळजेवण ठरते. दवाखान्यात मात्र सगळे आठवड्यांत चालते आणि चार आठवड्यांचा एक महिना धरला तर ४० आठवड्यांचे दहा महिने होतात. आजेसासूबाई तर तिथीचे महिने मोजत होत्या. पौष वद्य चतुर्थीपासून नऊ चांद्र महिने आणि वर नऊ दिवस, असा त्यांचा पिढीजात हिशेब होता. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा असतो, त्यामुळे त्या रीतीने येणारी तारीख ४० आठवड्यांच्या पाच-सहा दिवस अलीकडेच येते. पण २०२३ साली अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिक महिना शुभकार्याच्या मोजणीत धरत नाहीत, तसा त्यांनी तो इथेही सोडून दिला आणि त्यांचा दिवस थेट दिवाळीत गेला. बाळाला अधिक महिना वगळता येत नाही, हे मी त्यांना कालनिर्णयाची पाने उलटून दाखवले तेव्हा त्यांनी स्वतः पुन्हा मोजले आणि "मग नवरात्राच्या आतच की गं," असे म्हणून मान डोलावली.

पुढचे महिने वेळापत्रकाप्रमाणे गेले. बाईंकडे २८ आठवड्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी जायचे होते, त्यानंतर ३६ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि मग प्रसूतीपर्यंत दर आठवड्याला. सरकारी कार्डावर किमान चार भेटींचे रकाने आहेत: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान, तिसरी २८ ते ३४ च्या दरम्यान आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आठ भेटी सुचवल्या आहेत आणि त्यांतल्या पाच शेवटच्या दहा आठवड्यांत येतात. भेटी शेवटी शेवटी दाट का होतात, हे मला आधी कळत नव्हते. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याचा जो विकार गरोदरपणात होतो, तो बहुधा उत्तरार्धात डोके वर काढतो आणि कधीकधी आठवडाभरातच वाढतो. म्हणून वजन, रक्तदाब आणि लघवी या साध्या वाटणाऱ्या तीन तपासण्या प्रत्येक भेटीत पुन्हा पुन्हा केल्या जातात.

३ जूनला, १९ आठवडे २ दिवसांना, बाळाचे अवयव तपासणारी ॲनोमली सोनोग्राफी झाली. ८ जुलैला, २४ आठवडे पूर्ण झाल्यावर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायले आणि दोन तासांनी रक्त दिले. साखर १४० च्या आत होती. ९ ऑगस्टला मी ग्रामीण रुग्णालयात गेले, कारण दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर स्वतः गरोदर स्त्रियांची तपासणी करतात आणि माझी तिसरी सरकारी भेट तिथे नोंदवायची होती. तिथे मी सिस्टरांना कार्डावरची तारीख बदलून देण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या की पाळीची तारीख तुम्हीच सांगितलेली आहे, ती खोडता येणार नाही. ते बरोबरच होते. पाळीची तारीख खरीच होती. बदलायचा होता तो तिच्या खालचा, अपेक्षित प्रसूतीचा रकाना. मला ते तेव्हा नीट मांडता आले नाही, मागे रांग होती आणि कार्डावर १७ ऑक्टोबर तशीच राहिली.

२ सप्टेंबरला, ३२ आठवडे २ दिवसांना, वाढीची सोनोग्राफी झाली आणि अहवालात प्रसूतीची तारीख ४ नोव्हेंबर आली. डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचे हाड यांच्या मापांवरून यंत्राने बाळाचे सरासरी वय ३१ आठवडे काढले होते. मला वाटले, आता ही तिसरी तारीख. बाईंनी अहवालावरची ती ओळ पेनाने आडवी खोडली आणि समजावून सांगितले. या वेळच्या सोनोग्राफीच्या वयात तीन आठवड्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. शिवाय बाळ आता वयाच्या मानाने लहान आहे की मोठे, हेच तर या तपासणीत पाहायचे असते. प्रत्येक वेळी मापावरून तारीख पुढे ढकलत गेलो, तर ज्या बाळाची वाढ खरोखर खुंटली आहे तेही कागदावर अगदी वेळेत दिसेल आणि दुखणे झाकले जाईल. तारीख म्हणजे भिंतीवर मारलेली खूण असते आणि मुलाची उंची त्या खुणेशी ताडून बघायची असते. मूल लहान भरले म्हणून खूण खाली सरकवायची नसते. माझे बाळ थोडे लहान, पण त्या वयाला चालेल एवढे होते. तीन आठवड्यांनी पुन्हा बघितले तेव्हा ते आपल्याच गतीने वाढलेले होते आणि काळजीचे कारण राहिले नाही.

पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जनाला गेल्यावर, २८ सप्टेंबरच्या संध्याकाळी, आई-बाबा मला सांगलीला घेऊन गेले. त्या दिवशी ३६ आठवडे पूर्ण झाले होते. तिथल्या एका रुग्णालयात नाव घातले आणि आठवड्याला एक भेट सुरू झाली. माझी जुनी जाड फाइल आईने कपाटात जपून ठेवली होती. दर भेटीला मी फक्त पिशवीत मावणारे कार्ड घेऊन जात होते आणि नेहमीच्या डॉक्टरांना सगळे ठाऊक असल्याने कधी अडले नाही.

दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, बाळाची हालचाल कमी वाटली म्हणून आम्ही तपासायला गेलो. सुटी होती, ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी कार्ड पाहिले, बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "आज ४१ आठवडे झाले. तारखेवर आठ दिवस जाऊ देणे बरे नाही. भरती व्हा, कळा आणायचे औषध सुरू करू." त्यांच्या हातातल्या कार्डाप्रमाणे त्यांचे काहीच चुकत नव्हते. ४१ आठवड्यांनंतर वार म्हातारी होऊ लागते, पाणी कमी होऊ शकते, म्हणून त्या सुमारास प्रसूती घडवून आणण्याचा विचार करतातच. पण माझे ४१ आठवडे झालेले नव्हते, ३९ आठवडे ५ दिवस झाले होते. मी म्हटले की माझी तारीख २६ आहे. त्या म्हणाल्या, "कार्डावर तर १७ आहे. सोनोग्राफीत नंतर पुढेमागे होते, ती धरत नाहीत." नंतरच्या सोनोग्राफीबद्दल हे अगदी खरे आहे. बाबा स्कूटरवर घरी गेले आणि फाइल घेऊन आले. मी १८ मार्चचा अहवाल वर काढला, सीआरएलच्या आकड्यावर बोट ठेवले आणि त्या दिवशी पाळीच्या हिशेबाने किती व सोनोग्राफीने किती, ते सांगितले. सोबत कालनिर्णयाच्या खुणांचा फोटो होता, तोही दाखवला.

त्यांनी तो कागद नीट वाचला, वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावून आकडे सांगितले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरोबर आहे. पहिल्या तीन महिन्यांतली आहे, हीच धरायची." हालचालीच्या तक्रारीसाठी मात्र त्यांनी तपासणी पूर्ण केली आणि ती हवीच होती. पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला, गर्भजल मोजले. दोन्ही ठीक निघाले आणि आलेख चालू असतानाच बाळाने चार-पाच वेळा जोरात लाथा मारल्या. हालचाल पुन्हा कमी वाटली तर लगेच यायचे, नाही तर चार दिवसांनी दाखवायचे, असे सांगून त्यांनी मला घरी सोडले. जाण्याआधी त्यांनी कार्ड मागून घेतले आणि १७ ऑक्टोबरच्या खाली, पाळीची तारीख न खोडता, "पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे २६ ऑक्टोबर" असे लिहून सही केली. ऑगस्टमध्ये मला जे मांडता आले नव्हते, ते एवढेच होते.

कळा आपणहून सुरू झाल्या त्या २९ ऑक्टोबरच्या रात्री आणि ३० तारखेला पहाटे मुलगी झाली. वजन २ किलो ९०० ग्रॅम भरले. सिस्टरांनी तिला पुसायला घेतले तेव्हा तिच्या काखेत, मानेच्या वळ्यांत आणि जांघेत लोण्यासारखा पांढरा चिकट लेप होता. दिवस उलटून गेलेल्या बाळाच्या अंगावर हा लेप राहत नाही, कातडी कोरडी पडून तळहात-तळपाय सोललेले दिसतात आणि नखे बोटांच्या पुढे आलेली असतात, असे डॉक्टरांनी मला तिचे तळपाय उचलून दाखवत सांगितले. ते गुळगुळीत होते. प्रसूतीच्या नोंदवहीत त्यांनी गर्भाचे वय लिहिले: ४० आठवडे ४ दिवस.